इंटरनेट बंदीचा मूट प्रॉब्लेम: पिटिशनरने सुरुवात कुठून करायची

"सर, पहिलाच मूट आहे, पिटिशनरची बाजू आलीय. भरती परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून राज्य सरकारने दोन दिवस सगळ्या जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट बंद केलं, जानेवारी 2025 मधली गोष्ट दाखवलीय. मी काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीच्या अनुराधा भसीन केसवर सगळा भर दिलाय. जजने मध्येच अडवलं तर काय करू?"

भसीनवर भर दिलायस ते ठीक, पण आधी तो निकाल पूर्ण वाच. "इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे असं कोर्टाने म्हटलंय" हे वाक्य बोललास की बेंच तिथेच पकडणार, कारण कोर्टाने तसं म्हटलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 च्या त्या निकालात इंटरनेटवरून बोलण्याला आणि धंदा करण्याला घटनेच्या कलम 19(1)(a) आणि (g) खाली संरक्षण आहे असं सांगितलं, इंटरनेट मिळण्याचा हक्क मूलभूत आहे की नाही यावर मत दिलंच नाही. आणि बंदी तिथल्या तिथे उठवलीही नाही, आदेश प्रसिद्ध करा आणि त्यांचा फेरविचार करा असं सांगितलं. हे तू स्वतःहून मान्य केलंस तर तुझ्या पुढच्या बोलण्याला वजन येतं.

मग तारीख बघ. जुना टेलिग्राफ कायदा आणि 2017 चे नियम घेऊन उभा राहिलास तर फसशील, कारण नोव्हेंबर 2024 मध्ये 2023 च्या टेलिकॉम कायद्याखाली नवे नियम आलेत. पण मूळ अट तीच राहिलीय, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. तुझा पहिला मुद्दा हाच हवा, प्रमाणबद्धता नंतर. फोन टॅपिंगच्या डिसेंबर 1996 च्या पीयूसीएल निकालात कोर्टाने सांगितलंय की ही परिस्थिती गुपचूप मानून चालत नाही, सामान्य शहाण्या माणसाला ती दिसली पाहिजे, आणि सुरक्षितता म्हणजे लोकांवर धोका नसणं. कॉपीमुळे परीक्षेचं नुकसान होतं, लोकांच्या जीवाला धोका होत नाही. हा मुद्दा बसला तर बंदी किती ताणली हा प्रश्नच उरत नाही, म्हणून तो आधी.

जज विचारणारच, "मग पेपर फुटू द्यायचा का?" इथे भाषण नको, आधी सरळ उत्तर, "नाही, माय लॉर्ड." मग एकच वाक्य, की केंद्रावर जॅमर, झडती आणि फोनबंदी हे कमी त्रासाचे उपाय होते आणि ते का पुरले नसते याचं एकही कारण आदेशात नाही. पण आदेश प्रॉब्लेममध्ये जोडलेला असेल तर तो शब्द न् शब्द वाच, त्यात असं कारण दिलेलं असेल तर हे वाक्य बोलूच नकोस. उत्तर झालं की थांबायचं आणि "आता प्रमाणबद्धतेवर येतो" म्हणून पुढे जायचं, बेंचने पुढचा मुद्दा आधीच विचारला तर तो आधी घ्यायचा, तुझा क्रम मोडला तरी चालेल.

प्रेयरही बदल. सुनावणीपर्यंत नेट परत आलेलं असणार, त्यामुळे नुसतं "आदेश रद्द करा" मागितलंस तर रिस्पॉन्डंट म्हणेल याचिकेत आता काही उरलंच नाही. त्यापेक्षा आदेश बेकायदा होता अशी घोषणा माग, आणि पुढच्या परीक्षांना याच कारणाने बंदी घालू नये असा निर्देश.