राजीनाम्यात तक्रारी लिहाव्यात का?

"सहा वर्षं एकाच ठिकाणी राबलो. आता राजीनामा देतोय. जे जे सोसलं ते सगळं पत्रात लिहून काढलंय. घरचे म्हणतात, दोन ओळींत संपव. पण गप्प बसून निघालो तर त्यांचंच खरं ठरेल, असं वाटतं. आणि नोटीस एक महिन्याचीच द्यायची ना?"

तक्रारी जरूर लिहा, पण राजीनाम्यात नको. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहा. नोटिशीचा आकडा मात्र आठवणीवर सोडू नका. या दोन्ही गोष्टी किती महागात पडू शकतात, हे मी अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एका तरुणीच्या पत्रात पाहिलं आहे. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगते.

ती आली तेव्हा पत्र सव्वादोन पानांचं होतं. सुरुवात अशी: "आपल्या मनमानी कारभाराला कंटाळून मी तात्काळ राजीनामा देत आहे." मधल्या पानावर चार तक्रारी होत्या. ओव्हरटाइमची नोंद नाही, बढती डावलली, आई आजारी असताना रजा नाकारली आणि सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये अपमान केला. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, "एक महिन्यानंतर, म्हणजे ६ जुलैला मला कार्यमुक्त करावे." आणि सगळ्यात शेवटी, "माझ्या तक्रारींची दखल घेतली नाही तर हाच माझा राजीनामा समजावा."

ती म्हणाली, "मॅडम, यातलं एक अक्षरही खोटं नाही." मला ते मान्य होतं. पत्र वाचताना माझाही घसा दाटून आला होता. पण एचआरमधला माणूस राजीनामा उघडतो तेव्हा तो दोनच गोष्टी शोधतो: ही व्यक्ती सोडते आहे का, आणि शेवटचा दिवस कोणता. तिच्या पत्रात दोन्हीची उत्तरं दोन-दोन होती. वर "तात्काळ", खाली "एक महिन्यानंतर". वर "राजीनामा देत आहे", खाली "दखल घेतली नाही तर समजावा".

ही शेवटची ओळ मला सर्वांत धोक्याची वाटली. अशी अट धमकी म्हणून लिहिली जाते आणि कार्यालय ते पत्र राजीनामा म्हणून स्वीकारून टाकतं. मग "मला फक्त ऐकून घ्यायला हवं होतं" हे सांगायला जागा उरत नाही. म्हणून मी पत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुला सोडायचं आहे, की त्यांनी ऐकावं असं हवं आहे?" ती बराच वेळ गप्प राहिली. ऐकावं असं हवं असतं, तर त्या दिवशी राजीनामा लिहायचाच नव्हता, फक्त तक्रार लिहायची होती. तिचं उत्तर आलं, "सोडायचंच आहे. पण ऐकवूनही जायचं आहे." तेव्हा दोन पत्रं करायची ठरलं.

आधी तारीख. तिला ३० दिवस पक्के आठवत होते आणि नियुक्तीपत्रात ३० दिवस होतेही, पण प्रोबेशन चालू असेपर्यंतचे. कायम झाल्यावर मिळालेल्या कन्फर्मेशन लेटरमध्ये एकच वाक्य होतं, की यापुढे नोटीस ६० दिवसांची राहील. ते पत्र तिने मिळाल्या दिवशी आनंदाने वाचलं होतं, पगाराच्या आकड्यापर्यंतच. अशी गफलत मी वारंवार पाहते. पत्र ६ जूनला द्यायचं होतं. नोटीस दुसऱ्या दिवसापासून मोजली, तर जूनचे २४ दिवस, जुलैचे ३१, मिळून ५५, आणि ऑगस्टचे ५. म्हणजे शेवटचा दिवस ५ ऑगस्ट. तिने लिहिलेल्या ६ जुलैला ती निघाली असती, तर ३० दिवस कमी पडले असते आणि तेवढ्या दिवसांचा पगार फुल अँड फायनलमधून कापला गेला असता. रिलीव्हिंग लेटर अडकलं असतं ते वेगळंच. मोजताना आपल्या पत्रातले नेमके शब्द पाहा: "६० दिवस" आणि "दोन महिने" यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो, आणि "कामाचे दिवस" असं लिहिलं असेल तर हिशेबच बदलतो.

तिच्या १४ रजा शिल्लक होत्या. त्या नोटिशीतून वजा होतील, हे तिने गृहीतच धरलं होतं. तिच्या नियमावलीत मात्र "व्यवस्थापनाच्या संमतीने" असे शब्द होते. म्हणून आम्ही ती विनंती म्हणून लिहिली. अंतिम पत्र एवढंच झालं:

"मी लेखा सहायक या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या कन्फर्मेशन लेटरमधील अटीनुसार ६० दिवसांची नोटीस ७ जूनपासून मोजल्यास माझा शेवटचा कामाचा दिवस ५ ऑगस्ट असेल. शिल्लक १४ रजा नोटीस कालावधीत समायोजित करता आल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती. या काळात माझ्याकडील काम मी नेमून दिलेल्या व्यक्तीकडे सोपवेन. हे पत्र मिळाल्याची पोच आणि कार्यमुक्तीची तारीख कृपया लेखी द्यावी."

कारण लिहिलं नाही. "वैयक्तिक कारणास्तव" ही नेहमीची ओळ तिच्या हातून आपसूक उतरली होती, ती मी खोडायला लावली. तक्रार मागे ठेवून जाणाऱ्याने ती लिहू नये, कारण पुढे तीच ओळ दाखवून "तुम्ही तर स्वतःच्या कारणाने गेलात" असं सांगता येतं. "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" हे तर अजिबातच नको.

दुसऱ्या पत्राला आम्हाला तीन बैठका लागल्या. मूळ वाक्य होतं, "साहेबांनी माझा जाणीवपूर्वक छळ केला." मी विचारलं, कधी? कुठे? कोण होतं? "जाणीवपूर्वक" हे साहेबांच्या मनातलं झालं, ते आपण सिद्ध करू शकत नाही. वाक्य बदलून असं झालं: "१२ एप्रिलच्या मासिक बैठकीत सात सहकाऱ्यांसमोर मला 'डोकं घरी ठेवून येतेस का' असे म्हटले गेले." हे लिहिताना तिचा हात थरथरला. विशेषणं गेली आणि प्रसंग आणखी बोचरा झाला. ओव्हरटाइमचा तक्ता तिने हजेरीच्या नोंदींवरून केला. बढतीचा मुद्दा तिने स्वतःच काढला, कारण तारीख, कागद, काहीच हाती नव्हतं. शेवटी मागणी लिहिली: तासांचा हिशेब व्हावा आणि बैठकीतल्या प्रसंगाची चौकशी व्हावी. हे पत्र साहेबांकडे न जाता थेट एचआरकडे गेलं.

एक मर्यादा सांगायलाच हवी. लैंगिक छळ, थकवलेला पगार किंवा जबरदस्तीने घेतलेला राजीनामा असं काही असेल, तर राजीनामा देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दोन्ही पत्रं दाखवा. तिथे कारण लिहायचं की नाही, आधी तक्रार की आधी राजीनामा, यावर पुढचा हक्क अवलंबून असू शकतो. माझा सल्ला तिथे पुरेसा नाही.

तिला ५ ऑगस्ट ही तारीख लेखी मिळाली, रजांची विनंती नाकारली गेली. ओव्हरटाइमचा हिशेब नोटीस काळातच झाला. बैठकीबद्दल तिला बोलावून ऐकून घेतलं, पुढे काय झालं ते तिला कळलं नाही.

तुम्ही तुमचं लांब पत्र फाडू नका, दुसऱ्या पत्राचा कच्चा माल त्यातच आहे. त्याआधी सहा वर्षांत मिळालेली सगळी पत्रं काढा: नियुक्ती, कन्फर्मेशन, बढती, पगारवाढ. नोटिशीचं वाक्य सर्वांत अलीकडच्या कोणत्या पत्रात आहे ते पाहा, आणि तेवढे दिवस कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा.