बँका एक शनिवार आड बंद का असतात आणि महिन्यातला कोणता शनिवार सुट्टीचा हे कसं मोजायचं?

मे 2015 मध्ये बँक संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात झालेल्या वेतनकरारानुसार 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा झाला. त्या बदल्यात, पूर्वी अर्धा दिवस चालणारे उरलेले शनिवार पूर्ण कामाचे ठरले.

मोजताना दिनदर्शिकेतील आठवड्यांच्या ओळी मोजू नयेत, कारण चूक तिथेच होते. फक्त तारीख पाहावी. 8 ते 14 मध्ये येणारा शनिवार दुसरा आणि 22 ते 28 मध्ये येणारा चौथा असतो. ऑगस्ट 2026 मध्ये 1, 8, 15, 22 आणि 29 असे पाच शनिवार आहेत. त्यांपैकी 8 आणि 22 या नियमाने बंद, 15 स्वातंत्र्यदिनामुळे बंद, तर पाचवा शनिवार, म्हणजे 29 तारीख, कामाचा आहे.