माफ करायचंय, पण राग जात नाही

ताई, तुमच्या भावाने गोड बोलून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि आता राखीपौर्णिमा आली की आईसकट सगळे "सोडून दे गं" म्हणतात. माझंही असंच झालं होतं.

मी घाई केली. चारचौघांत "माफ केलं" म्हणून टाकलं आणि रात्री मनातल्या मनात त्याच्याशी भांडत बसले. एव्हरेट वर्दिंग्टन हे मानसशास्त्रज्ञ माफीचे दोन भाग करतात: सूड न घेण्याचा निर्णय आणि राग खरोखर ओसरणं. निर्णय एका दिवसात होतो, राग सावकाश जातो. म्हणून तो परत उसळला तरी माफी खोटी ठरत नाही.

सध्या एवढंच करा:

- नेमकं काय गेलं ते लिहून काढा. जमीन, की भावावरचा विश्वास? माझ्या बाबतीत जमीन निमित्तच होती.
- व्यवहार वेगळा ठेवा. मनातून माफ करूनही हक्क मागता येतो. फसवून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायला, फसवणूक कळल्यापासून साधारण ३ वर्षांची मुदत असते. वकिलाला लवकर भेटा.
- राखी बांधायला जायलाच हवं असं नाही. समेटाला दोघं लागतात, माफीला तुम्ही एकट्या पुरेशा आहात.

आईला काय सांगायचं, ते नंतर बोलू.