मधल्या मुलाचे मार्क विचार

काल फोनवर "बाई, दोन्ही क्लास चांगलेच वाटतात, कसं ठरवू?" असं तू विचारलंस आणि मी तुझ्यावर चिडले. रात्री त्याचं वाईट वाटलं. धाकटी बहीण नुकतीच दहावी झालीय, नीटसाठी तिला लातूरला ठेवायचंय आणि आई-दादांनी सगळं तुझ्यावर सोपवलंय, हे मला कळतं. पण दोन्ही क्लासच्या पहिल्या आलेल्या मुलांचे मार्क तू मला तोंडपाठ सांगितलेस. मधल्या मुलाचे एकदाही नाहीत.

बहिणीला दहावीत 82 टक्के आहेत. ती फ्लेक्सवरच्या पोरांच्या तुकडीत बसणार नाही. म्हणून ऑफिसात एकच मागायचं: तिला ज्या तुकडीत घालणार, त्या तुकडीची गेल्या वर्षीची, पूर्ण 720 मार्कांच्या सराव परीक्षेची यादी. नावं झाकून दिली तरी चालेल. उतरत्या क्रमानं लावलेल्या यादीत 64 मुलं असतील तर 32 व्या मुलाचे मार्क बघायचे.

समज, पहिल्या क्लासचा अव्वल मुलगा 680 वर आहे आणि मधला 270 वर. दुसऱ्याचा अव्वल 590 आणि मधला 400. दुसरा चांगला वाटेल, पण लगेच पैसे भरू नकोस. जूनमध्ये त्या तुकडीत किती मुलं होती ते विचार. समज 90 होती आणि यादीत 64च आहेत, म्हणजे 26 मुलं मधूनच गेली. ती बहुतेक मागे पडलेली असतात. त्यांना धरलं तर मधला मुलगा 45 वा होतो, आणि यादीत 45 व्याला 310 असतील तर तुझे 400 गेले. पहिल्या क्लासात गळती नसेल तर 130 मार्कांचा वाटलेला फरक 40 वर येतो. दोन्ही क्लासचा पेपर सारखाच अवघड नसतो, म्हणून जुन्या नीटच्या पेपरवर घेतलेली परीक्षाच माग. यादी द्यायला जो क्लास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मी तरी मूल घातलं नसतं.

"घातलं नसतं" हे आता म्हणते. माझ्या थोरल्याला मी फोटो बघूनच घातलं होतं. सातव्या तुकडीत बसला, वर्षभरात फिजिक्सचे तीन सर बदलले, आणि मी पूर्ण फी आधीच भरून बसले होते. त्याला दोष दिला, अभ्यास करत नाहीस म्हणून. मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं रे. शाळा, सासरचं दुखणं, पतसंस्थेचं कर्ज, सगळं एकदम होतं. पण हे पैसे मी त्याच्यासाठीच काढले होते, एवढं तरी त्यानं समजून घ्यावं असं अजून वाटतं. जाऊ दे. तू तरी मधल्या मुलाकडे बघ.

शिकवणं बघायला डेमो लेक्चरला जाऊ नकोस, त्या दिवशी सगळ्यात चांगले सर उभे करतात. साध्या मंगळवारी सुट्टीच्या वेळेला जा आणि मधल्या बाकावरच्या पोराची वही माग. परीक्षेत चुकलेल्या प्रश्नांपुढे नुसता बरोबर पर्याय लिहिलेला असेल, तर तिथं चुका कोणी समजावत नाही. पुढे गणित पुन्हा सोडवलेलं असेल, कुठे चुकलं ते लाल पेनानं दाखवलेलं असेल, तर त्या क्लासात कोणीतरी मधल्या मुलाजवळ बसतंय.

फी विचारताना 18 टक्के जीएसटी धरून आकडा माग. हप्ते करून घे, सवलतीसाठी एकरकमी भरू नकोस. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या मुदतीची फी 10 दिवसांत परत द्यावी असं आहे. 24 महिन्यांचे 1,20,000 भरले आणि सहा महिन्यांनी सोडलं, तर 90,000 परत यायला हवेत. हे तुमच्या पावतीवर लिहून देता का, असं तिथंच विचार.

आणि निकालाच्या जाहिरातीतला मुलगा दोन वर्षं तिथंच होता की फक्त टेस्ट सिरीज लावली होती, हेही विचार. कोणता कोर्स, किती मुदतीचा, हे जाहिरातीत सांगायलाच हवं, असं नोव्हेंबर 2024 च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या तत्त्वांत आहे.

मंगळवारी दोन्हीकडे जाऊन ये. यादी मिळाली की फोटो पाठव, मधला मुलगा मी मोजते.

तुझ्या बाई