नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी गेम आधीसारखाच अडकतोय. कार्डच खराब निघालं का?

दुकानदार म्हणतोय एसएमपीएस बदला.

एसएमपीएसचे पैसे आज देऊ नका. आधी कॅबिनेटच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. कीबोर्ड, यूएसबी, स्पीकर जिथे लागतात त्या वरच्या उभ्या पट्टीत ती असेल, तर ती मदरबोर्डात आहे. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात आणि केबल तिथे हवी. नव्या कार्डाच्या सगळ्या पोर्टांवर प्लास्टिकची टोपणं अजून तशीच असतील, तर पुढचं काही तपासायलाही नको.

हे इतक्या ठामपणे सांगतेय, कारण याच एका केबलपायी आमच्या घरी दीड महिना भांडण चाललं होतं.

२०२२ मध्ये कार्डांच्या किमती जरा खाली आल्यावर मी साठवलेल्या पैशांतून जीटीएक्स १६६० सुपर घेतलं. प्रोसेसर आय५-१०४००, एसएमपीएस ४५० वॅटचा, मॉनिटर जुना. त्या मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय एवढंच होतं आणि आम्ही पहिल्यापासून निळ्या टोकाची व्हीजीए केबल वापरत होतो. मी स्वतःच कार्ड बसवणार होते, पण दादा म्हणाला, "तू हात लावू नकोस, वॉरंटी जाईल. ज्याचं काम त्याला करू दे." म्हणून आम्ही पीसी आणि मॉनिटर दोन्ही घेऊन दुकानात गेलो.

नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डातून ॲनालॉग सिग्नल देणंच बंद केलं. माझ्या कार्डाला डीव्हीआय होतं, पण तेही फक्त डिजिटल, म्हणजे पूर्वी मिळायचं ते साधं डीव्हीआय-ते-व्हीजीए टोपण त्याला चालत नाही. दुकानातल्या मुलाने कार्ड नीट बसवलं, त्याला पॉवरची वायरही दिली आणि मग व्हीजीए केबल कार्डाला लागेना म्हणून मदरबोर्डाला लावली. पडदा काळा. तेव्हा तो बायोसमध्ये गेला, काहीतरी बदललं आणि चित्र आलं. "चालू करून दिलंय," म्हणाला.

सगळा घोळ त्या बदलात होता. आय५-१०४०० च्या पोटातच इंटेलचं छोटं ग्राफिक्स असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्या रॅममधूनच उसनी घेतं. कार्ड बसवलं की बरेचसे मदरबोर्ड हे आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. म्हणून पडदा काळा झाला होता, आणि त्या काळ्या पडद्यानेच केबल चुकीच्या जागी आहे हे सांगितलं असतं. त्या मुलाने iGPU Multi-Monitor हा पर्याय Enabled केला, त्यामुळे आतलं ग्राफिक्स पुन्हा जागं झालं आणि चूक झाकली गेली.

घरी येऊन जीटीए ५ लावला. कार्ड नव्हतं तेव्हा २०-२५ फ्रेम मिळायच्या, आता कार्ड असूनही तेवढ्याच. पुन्हा दुकान. त्यांनी विंडोज फॉरमॅट केलं. डेस्कटॉपवर बाबांनी तीन महिने बसून टाइप केलेली आमची वंशावळ होती, ती त्यात गेली. फ्रेम काही वाढल्या नाहीत. मग म्हणाले, एसएमपीएस कमी पडतोय. ५५० वॅटचा नवा घेतला, ४२०० रुपये गेले. तरीही तेच. शेवटी दादा म्हणाला, कार्डच बाद आहे, विकून टाक, आधीच सांगत होतो.

त्या रात्री मी Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडला, Performance मध्ये गेले आणि गेम चालू ठेवून बघत बसले. GPU 0 म्हणजे Intel UHD Graphics 630, शंभर टक्के. GPU 1 म्हणजे माझं कार्ड, शून्य-एक टक्का. एनव्हिडियाचा कंट्रोल पॅनल उघडला, तर त्याने सरळ लिहूनच दाखवलं:

```
NVIDIA Display settings are not available.
You are not currently using a display
attached to an NVIDIA GPU.
```

कॅबिनेट उघडून कार्डाला हात लावला. अर्धा तास गेम चालूनही ते गार होतं. दुसऱ्या दिवशी पावणेतीनशे रुपयांची डीव्हीआय केबल आणली, एक टोक कार्डाला आणि दुसरं मॉनिटरला लावलं. तोच गेम, १०८० वर, सेटिंग High, आणि फ्रेम साठाच्या खाली येईनात.

एसएमपीएसचं मत तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. १६६० सुपर १२५ वॅट घेतं, प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, आणि या कार्डासाठी एनव्हिडियाच ४५० वॅट पुरेसे आहेत असं सांगते. शिवाय एसएमपीएस कमी पडला तर गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. तासन्‌तास एकसारख्या २० फ्रेम देत तो शांतपणे चालत राहत नाही. तुमचा पीसी मध्येच बंद पडत असेल तर दुकानदाराचं म्हणणं ऐका, नाहीतर नाही.

दादा अजूनही म्हणतो की ज्याचं काम त्यानेच करावं. मला ते मान्य नाही. मॉनिटरची केबल एका भोकातून काढून दुसऱ्यात लावल्याने कसलीही वॉरंटी जात नाही, आणि मागची बाजू न बघता फॉरमॅट मारणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही. बाबांची वंशावळ परत लिहायला त्यांना पुढचा पावसाळा लागला.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. तुमचा इंटेल प्रोसेसर F ने संपणारा असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच. म्हणजे मदरबोर्डातून चित्रच येणार नाही, आणि तुम्हाला चित्र दिसतंय याचा अर्थ केबल बरोबर आहे, घोळ दुसरीकडे शोधा. रायझन ५ ५६०० चंही तसंच, पण ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स असतं.

दुसरं म्हणजे, हल्लीच्या विंडोजमध्ये केबल मदरबोर्डात असूनही गेम कार्डावर चालू शकतो. कार्ड चित्र बनवतं आणि आतल्या ग्राफिक्समार्फत ते बाहेर येतं, लॅपटॉपमध्ये होतं तसं. त्यात नुकसान होतं, पण माझ्याइतकं नाही. म्हणून केबल हलवायच्या आधी एकदा टास्क मॅनेजर बघाच. कार्ड आधीपासूनच ९०-९५ टक्क्यांवर पळत असेल तर केबल बदलून थोडाच फरक पडेल आणि तुमचं दुखणं वेगळं आहे.

मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, नुसती केबल चालणार नाही. आणि १४४ हर्ट्झचा असेल तर केबल हलवल्यावर Advanced display मध्ये जाऊन रिफ्रेश रेट पुन्हा लावा, बऱ्याचदा तो ६० वर येऊन बसतो. एवढं करूनही GPU 1 शून्यावरच राहिला तर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मॉनिटरला कोणते पोर्ट आहेत ते खाली लिहा.