बोट तेच, मग लॅपटॉप ओळखत का नाही?

लॅपटॉपला माझं बोट कळतं कसं? आत बोटाचा फोटो ठेवलेला असतो का? तो चोरीला गेला तर?

सध्याच्या बहुतेक लॅपटॉपमधला सेन्सर बोट पाहत नाही, बोटाची जवळीक मोजतो. काळ्या पृष्ठभागाखाली अतिसूक्ष्म धातूच्या पट्ट्यांची जाळी असते. दोन घरांमधलं अंतर साधारण 0.05 मिलिमीटर. बोट टेकवलं की प्रत्येक पट्टी आणि त्वचा मिळून विद्युतभार साठवणारा एक छोटा कपॅसिटर तयार होतो. ठशाचा कंगोरा, म्हणजे त्वचेवरची उंच रेघ, जिथे थेट टेकतो तिथे त्याची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, जास्त येते. दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत हवा असते, म्हणून तिथे ती कमी येते. हे हजारो आकडे मांडले की ठशाचं करडं चित्र उमटतं.

त्या चित्रात कंगोरा कुठे संपतो, कुठे त्याला फाटा फुटतो, रेघा कोणत्या दिशेने वळतात, हे शोधलं जातं आणि त्याचा एक साचा साठवला जातो. पुढच्या वेळी नवं चित्र त्या साच्याशी ताडून किती जुळतं त्याला गुण दिले जातात. ठरावीक गुण मिळाले तरच कुलूप उघडतं. विंडोज हॅलो या विंडोजच्या बोट-चेहरा ओळखण्याच्या सोयीत बोटाचा फोटो साठवत नाहीत. साचा असतो आणि तो त्या लॅपटॉपबाहेर जात नाही. काही सेन्सरमध्ये तर जुळवणीही सेन्सरच्याच चिपवर होते.

पॉवर बटणातला सेन्सर फार लहान असतो. समजा तो 4 मिलिमीटर लांब-रुंद आहे. दोन कंगोऱ्यांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका वेळी जेमतेम आठ कंगोरे दिसणार आणि त्यात शेवट किंवा फाटे मिळून तीन-चार खुणा. म्हणूनच नोंदणी करताना बोट पुन्हा पुन्हा, थोडं सरकवून टेकवायला सांगतात. प्रत्येक वेळी मधलाच भाग टेकवला, तर कडेचा भाग साच्यात येतच नाही आणि पुढे बोट जरा तिरकं पडलं की नकार मिळतो.

थंडीत सकाळी बोट लागतच नाही, दुपारी लागतं. आईचं तर भांडी घासून झाली की दिवसभर लागत नाही. सेन्सर बिघडला आहे का?

सेन्सर ठीक आहे. बिघडला असता तर दुपारीही लागलं नसतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्यात ओलावा असेल तर तो मऊ राहतो, सेन्सरला नीट चिकटतो आणि वीजही बऱ्यापैकी वाहून नेतो. थंडीत किंवा साबणाने तेल निघून गेल्यावर तोच थर कडक आणि खरखरीत होतो. मग कंगोरा सलग टेकत नाही, अधूनमधून टेकतो. शाई वाळत आलेल्या रबरी शिक्क्याची रेघ तुटक उमटते, तसं सेन्सरला एका कंगोऱ्याच्या जागी ठिपक्यांची रांग दिसते. रेघ तुटली की तिथे कंगोरा ‘संपला’ असा अर्थ लागतो. खऱ्या खुणा तीन-चारच, आणि त्यांत अशा सात-आठ खोट्या मिसळल्या तर गुण पुरेसे पडणारच नाहीत.

अशा वेळी यंत्र नकाराकडेच झुकतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. विंडोज हॅलोसाठी मायक्रोसॉफ्टची अट आहे की, परकं बोट स्वीकारलं जाण्याचं प्रमाण 1 लाखात 2 पेक्षा जास्त नसावं, पण खरं बोट नाकारलं जाण्याचं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत चालेल.

बोटावर तोंडाची वाफ सोडून लगेच टेकवा. तेवढा ओलावाही बऱ्याचदा पुरतो. थोडं मॉइश्चरायझर लावून पुसून टाका आणि बोट एक-दोन सेकंद न हलवता टेकवा. ओलं बोट मात्र नको. पाणी खाचांमध्ये भरतं, खाच आणि कंगोरा सारखेच दिसू लागतात आणि सगळा ठसा एक काळा डाग होतो.

कायमचा उपाय नोंदणीत आहे. Settings > Accounts > Sign-in options मध्ये जुना ठसा काढून टाका आणि बोट नेहमी जसं असतं तशा अवस्थेत पुन्हा नोंदवा. आंघोळीनंतरच्या मऊ बोटाचा साचा थंडीतल्या बोटाला जुळत नाही. तेच बोट दुसऱ्यांदा जोडायला गेलात तर बऱ्याचदा ते आधीच नोंदवलेलं असल्याचा संदेश येतो, म्हणून आधी काढणं गरजेचं. आईंच्या बाबतीत मी अंगठा आणि तर्जनी सोडून द्यायला सांगेन. काथ्या आणि पावडरीने तिथले कंगोरेच झिजलेले असतात. डाव्या हाताची अनामिका कमी घासली जाते, ती नोंदवा.

सेन्सरवर तेलकट थर बसतो. कशाने पुसू? आणि चार्जर लावला की बोट घेत नाही, हा काय प्रकार?

तेल आणि घाम खाचांच्या जागी भरतात आणि कंगोरा व खाचेतला फरक पुसट होतो. लॅपटॉप बंद करा. मऊ मायक्रोफायबर कापडाच्या कोपऱ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून हलक्या हाताने पुसा. थेट फवारा मारू नका, बटणाच्या फटीतून ते आत जातं. खोडरबर किंवा ब्लेड लावलंत तर वरचा संरक्षक लेपच जाईल.

चार्जरचा प्रकार वेगळा. घरात अर्थिंग नसेल तर चार्जरमधला विद्युत गोंगाट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तोच हा. सेन्सर मोजतो ते फरक इतके लहान असतात की हा गोंगाट त्यांत मिसळतो. चार्जर काढल्यावर बोट लगेच लागलं, तर सेन्सरचा दोष नाही. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. झिणझिण्या अंगावर काढू नका.

सेन्सरवर केसासारखी चीर गेली आहे. कधी लागतं, कधी नाही. वर स्क्रीनगार्डचा तुकडा चिकटवला तर चालेल का?

तुकडा नको. स्क्रीनगार्डची काच साधारण 0.3 मिलिमीटर जाड असते आणि दोन कंगोऱ्यांमधलं अंतरच अर्धा मिलिमीटर. बोट तेवढं दूर गेलं की शेजारच्या कंगोरा-खाचांचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि चित्र पार धूसर होतं.

चिरेमुळे प्रत्येक चित्रात त्याच जागी एक रेघ येते आणि तिला छेदणारा प्रत्येक कंगोरा तिथे तुटलेला दिसतो. चीर वरच्या लेपापुरतीच असेल तर सगळे ठसे काढून पुन्हा नोंदवल्यावर काम चालू शकतं, कारण बोटाचा उरलेला भाग नीट वाचला जातो. पण चिरेतून घाम आत झिरपतो आणि मग आज लागलं, उद्या नाही, असं सुरू होतं.

खात्री करायला घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी बोट नोंदवून पाहा. त्यांची त्वचा चांगली असूनही नोंदणी अर्धवट अडकत असेल, तर दोष सेन्सरचा. Device Manager मध्ये Biometric devices हा गटच गायब झाला असेल, तर बहुधा सेन्सर मेला आहे किंवा त्याची रिबन केबल सैल झाली आहे. दुकानदाराला आधी केबल बघायला सांगा, ते काम स्वस्त असतं. लिनक्सवर असाल तर बोट नोंदवलेलं असताना टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
fprintd-verify
```

`verify-no-match` आलं तर चित्र मिळालं पण जुळलं नाही. `verify-retry-scan` पुन्हा पुन्हा येत असेल तर धड चित्रच मिळत नाही.

सेन्सर बदलताना विंडोजचा पिन पाठ ठेवा, कारण नव्या सेन्सरवर सगळी बोटं पुन्हा नोंदवावी लागतील. मॅकबुक असेल तर बाहेरून दुसरा सेन्सर आणून बसवू नका. टच आयडीचा सेन्सर त्याच मशीनच्या सुरक्षा-चिपशी जोडलेला असतो आणि ॲपलच्या प्रक्रियेने जोडणी केल्याशिवाय नवा सेन्सर बोट वाचत नाही.