हात थरथरले तर आधी साखर, मग बाकीचं

इन्सुलिन नुकतं सुरू झालंय ना, मग एवढं पक्कं करा. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, उगाच चिडचिड झाली की लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरलीय. मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता उपचार करा.

उपचार म्हणजे १५ ग्रॅम साखर घ्यायची: तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासा. मला एकदा जेवणाआधी ५८ आली होती. साखरपाणी घेतलं, पंधरा मिनिटांनी ६६. परत तेवढंच घेतलं, तेव्हा ९४. मग लगेच जेवलो. जेवणाला वेळ असता तर पोळी किंवा दूध-बिस्किटं घेतली असती.

नवखे दोन ठिकाणी चुकतात. एक, पेढा किंवा चॉकलेट खातात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. दुसरं, घाबरून डबाभर गोड खातात आणि तासाभरात आकडा तीनशेवर (मीही केलंय).

घरच्यांना बजावून ठेवा: शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन.